निर्देशांक जागच्या जागी, मग तिप्पट ईटीएफ खाली का?

"सर, मी विश्रामबागला राहतो, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. परदेशी शेअरच्या ॲपवरून नॅसडॅक 100 या अमेरिकी निर्देशांकाचा तिप्पट ईटीएफ TQQQ घेतला. पुढे बाजार पडेल अशी भीती वाटली म्हणून तेवढ्याच रकमेचा उलटा SQQQ पण घेतला. आज निर्देशांक जवळपास तिथंच आहे, पण माझे दोन्हीकडचे पैसे कमी झालेत. एक पडला तर दुसरा चढायला हवा ना? मग पैसे खाल्ले कुणी?"

पैसे कुणी खाल्लेले नाहीत. दोन्ही ईटीएफनी, म्हणजे शेअरसारख्या घेता-विकता येणाऱ्या या फंडांनी, आपापला शब्द पाळला आहे, फक्त तो शब्द तुम्ही समजलात त्यापेक्षा वेगळा आहे. TQQQ च्या माहितीपत्रकात "रोजच्या" परताव्याच्या तिप्पट असं लिहिलेलं असतं. तुम्ही तो "माझ्या खरेदीपासून आजपर्यंतच्या" परताव्याच्या तिप्पट असा वाचलात. बहुतेक जण तसंच वाचतात. सगळी तूट या दोन वाचनांच्या मधे आहे. ती रुपया-रुपयानं दाखवता येते, म्हणून कागद-पेन घेऊन बसा.

निर्देशांक 100 वर आहे असं धरू. सोमवारी तो 110 झाला, मंगळवारी परत 100 वर आला. चढले दहा, उतरले दहा. टक्क्यांत मात्र हे सारखं नाही. चढताना दहा रुपये शंभरावर होते, म्हणजे 10 टक्के. उतरताना तेच दहा रुपये एकशे दहावर आहेत, म्हणजे 9.09 टक्के. साधा निर्देशांक फंड घेऊन बसलेल्या माणसाला याचं काही देणंघेणं नाही, त्याचे शंभराचे शंभर परत आले.

आता तिप्पट ईटीएफमध्ये तुमचे 100 रुपये आहेत. सोमवारी 10 टक्क्यांचे तिप्पट, 30 टक्के चढून 130 झाले. मंगळवारी 9.09 चे तिप्पट, म्हणजे 27.27 टक्के पडले. पण पडले ते 130 वर. 130 मधून 35.45 गेले, उरले 94.55. निर्देशांक होता तिथं आला आणि तुमचे 5.45 रुपये दोन दिवसांत गेले.

इथपर्यंतचं गणित बऱ्याच ठिकाणी सापडतं आणि लोक "टक्क्यांचा खेळ आहे" म्हणून पुढे जातात. मी सांगलीत वीस-बावीस वर्षं वायदे आणि हेजिंगचं काम करतोय, आणि माझा अनुभव असा की एवढ्यानं माणसाला पटत नाही. पैसे गेले म्हणजे कुठल्या तरी सौद्यात गेले असले पाहिजेत. तो सौदा हातात आला की मग पटतं. तर तो सौदा बघू.

सोमवारी सकाळी फंडाकडे तुमचे 100 आहेत. तिप्पट परतावा द्यायचा म्हणून वायदे आणि स्वॅपच्या करारांतून त्यानं निर्देशांकाचा 300 रुपयांचा माल अंगावर घेतलाय. निर्देशांक 10 टक्के चढला, माल 330 चा झाला. नफा 30, तुमचं भांडवल 130. आता मंगळवारी पुन्हा तिप्पट द्यायचंय आणि 130 चे तिप्पट होतात 390. माल आहे 330 चा. म्हणून सोमवारी बाजार बंद होता होता फंड आणखी 60 रुपयांचा माल घेतो. कुठल्या भावानं? 110 च्या.

मंगळवारी निर्देशांक 100 वर आला. आधीच्या 330 च्या मालाचे परत 300 झाले, त्यात तुमचं काही गेलं नाही. गेलं ते त्या नव्या 60 वर. साठाचे 9.09 टक्के किती? 5.45. तुमच्या खात्यातून गेलेली रक्कम हीच आहे, पैशाचाही फरक नाही.

आणि गोष्ट इथं थांबत नाही. मंगळवारी संध्याकाळी भांडवल 94.55 आहे, त्याचे तिप्पट 283.64. हातात माल आहे 354.55 चा. म्हणून फंड 70.91 चा माल विकतो, 100 च्या भावानं. काल 110 ला घेतला, आज 100 ला विकला. उद्या पुन्हा चढला तर पुन्हा वरच्या भावात घेणार.

आपल्या मार्केट यार्डात एखादा हळदीचा व्यापारी भाव चढल्याच्या दिवशी संध्याकाळी उधारीवर पोती वाढवू लागला आणि पडल्याच्या दिवशी विकून कमी करू लागला, तर एका दिशेनं चालणाऱ्या हंगामात तो भरपूर कमावेल. भाव वर-खाली करत तिथंच राहिला तर त्याचं भांडवल झिजेल, मग हळद वर्षअखेर त्याच भावाला का असेना. तुमचा फंड हेच करतो, आणि ते त्याच्या मर्जीवर नाही. नियमानंच त्याला रोज संध्याकाळी ते करावं लागतं.

आता उलट्याकडे येऊ, कारण तुमचा खरा गोंधळ तिथं आहे. साधा एकपट उलटा ईटीएफ घेऊ. तुमचे 100, आणि फंडानं 100 चा माल आधीच विकून ठेवलाय, म्हणजे शॉर्ट केलाय. निर्देशांक 110 झाला, दहा रुपये गेले, भांडवल 90 राहिलं. पण शॉर्ट केलेला माल आता 110 चा झालाय, आणि उद्यासाठी फक्त 90 चा हवा. म्हणून फंड 20 चा माल परत विकत घेतो, 110 च्या भावानं. मंगळवारी भाव 100 वर आला तेव्हा 90 च्या शॉर्टवर 8.18 मिळाले आणि भांडवल 98.18 झालं. ते 20 परत घेतले नसते तर पूर्ण दहा मिळून शंभर झाले असते.

नीट पाहा, उलट्या फंडानं सोमवारी काय केलं? चढलेल्या भावात खरेदी. आणि मंगळवारी काय करणार? भांडवल 98.18 आणि शॉर्ट 81.82 चा, म्हणून आणखी 16.36 चा माल विकणार, उतरलेल्या भावात. तुम्ही धरून चाललात की सुलटा आणि उलटा हे एकमेकांसमोर बसलेले आहेत, एकाचं गेलं की दुसऱ्याला मिळतं. रोज संध्याकाळच्या सौद्यात मात्र दोघंही एकाच रांगेत उभे असतात. चढल्यावर दोघं घेतात, पडल्यावर दोघं विकतात. म्हणून दोघांचीही झीज होते.

उलट्याची झीज जास्त असते, आणि ती किती जास्त हे एका सोप्या गुणाकारातून कळतं. पट गुणिले पट वजा एक. दुप्पटीला 2 गुणिले 1, म्हणजे 2. तिप्पटीला 3 गुणिले 2, म्हणजे 6. एकपट उलट्याला उणे 1 गुणिले उणे 2, म्हणजे पुन्हा 2. तिप्पट उलट्याला उणे 3 गुणिले उणे 4, म्हणजे 12. साध्या निर्देशांक फंडाला 1 गुणिले 0, म्हणजे शून्य, आणि खरंच तिथं झीज नसते. आपल्या दोन दिवसांच्या उदाहरणात दुप्पट सुलटा 98.18 वर येतो आणि एकपट उलटाही बरोबर 98.18 वरच. तिप्पट सुलटा 94.55 वर, तिप्पट उलटा 89.09 वर. "एकपटच आहे, उलटा असला म्हणून काय झालं" असं समजून लोक उलटा ईटीएफ महिनोन्महिने ठेवतात, तेव्हा मला काळजी वाटते ती यामुळे. एकपट दिसत असला तरी झिजतो तो दुप्पटीएवढा.

दुसरी गोष्ट रोजच्या हेलकाव्याची. 10 टक्के हे समजायला सोपं म्हणून घेतलं, एरवी निर्देशांक रोज एवढा हलत नाही. समजा तो एक दिवस 1 टक्का चढतो, दुसऱ्या दिवशी उतरून तिथंच येतो, आणि असं बाजाराचे 250 दिवस चालतं. वर्षाच्या शेवटी निर्देशांक 100 वर. तिप्पट सुलट्यात 100 चे सुमारे 92.8 उरतील, तिप्पट उलट्यात सुमारे 86.2. आता हेलकावा दुप्पट करा, रोजचा 2 टक्के. निर्देशांक तरीही 100 वरच. तिप्पट सुलटा सुमारे 74.5, तिप्पट उलटा सुमारे 55.5. हेलकावा दुप्पट झाला तर झीज दुप्पट नाही, साधारण चौपट होते, कारण ती हेलकाव्याच्या वर्गावर चालते. उलट्यात पुढे पुढे रक्कमच लहान होत जाते म्हणून अंतिम आकड्यात चौपट दिसत नाही इतकंच.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. झीज ही काळाची नाही. लोखंडाला गंज चढतो तशी ती नुसतं ठेवून चढत नाही. निर्देशांक वर्षभर अजिबात हलला नाही तर झीज शून्य. मग फक्त फंडाचा वार्षिक खर्च आणि उधारीचं व्याज जाईल. झीज हलण्याची आहे, आणि भीतीच्या दिवसांत बाजार सर्वात जास्त हलतो. म्हणजे उलटा ईटीएफ घ्यावासा वाटतो नेमक्या त्याच दिवसांत त्याची झीज सर्वात वेगानं चालू असते.

यात एक गैरसमज जाणकारांमध्येही दिसतो. वर-खाली, वर-खाली असा बाजार असला तरच झीज होते, सरळ चढून सरळ उतरला तर होत नाही, असं म्हणतात. करून बघू. निर्देशांक 100, 110, 121, मग 110, 100. दोन दिवस चढ, दोन दिवस उतार. तिप्पट ईटीएफ 130, 169, मग 122.91, शेवटी 89.39. आता एक दिवस चढ, एक दिवस उतार असं दोनदा करा. 130, 94.55, 122.91, शेवटी 89.39. आकडा तोच. कारण हा सगळा गुणाकार आहे, आणि गुणाकारात कुठला आकडा आधी आला याला महत्त्व नसतं. निर्देशांक शेवटी कुठं पोचला आणि वाटेत रोजचे झटके किती मोठे होते, एवढ्या दोनच गोष्टी मोजल्या जातात.

एकाच दिशेनं चाललेल्या बाजारात मग काय होतं? निर्देशांक दोन दिवस 10 टक्के चढून 121 वर राहिला, तर साधा फंड 21 टक्के वर. त्याचे तिप्पट 63, पण ईटीएफ 169 वर आहे, म्हणजे 69 टक्के. सोमवारी 110 ला घेतलेला तोच 60 चा माल यावेळी फळला. दोन दिवस 10 टक्के पडून 81 वर आला तर निर्देशांक 19 टक्के खाली, तिप्पट धरून 57 टक्के पडायला हवं होतं, ईटीएफ मात्र 49 वर राहतो, म्हणजे 51 टक्केच पडतो. म्हणून "हे ईटीएफ शेवटी शून्यच होतात" असं सरसकट म्हणणं मला मान्य नाही. रोजचा हिशेब जुळवण्याची ही पद्धत लांब चाललेल्या एका दिशेला बक्षीस देते आणि माघारी वळणाऱ्या बाजाराकडून दंड घेते.

फंड रोज जुळवतो तरी कशाला, असं तुम्ही विचाराल. न जुळवता 300 चा माल तसाच धरून बसला तर? आपल्या पहिल्या उदाहरणात तो 300, 330, 300 होऊन तुमचे शंभर शाबूत राहिले असते. पण निर्देशांक सलग चार दिवस 10 टक्के पडला असं धरा. तो 65.61 वर येतो. 300 चा माल 196.83 चा झाला, तोटा 103.17. तुमचे शंभर संपले आणि वर तीन रुपये देणं निघालं. रोज जुळवणाऱ्या फंडात तेव्हाही 24 रुपये उरतात, कारण पडेल तसा माल कमी होत गेला. वायद्यात मार्जिनचा, म्हणजे तोट्यापोटी आणखी पैसे भरा असा, फोन येतो, इथं येत नाही. झीज ही त्या निश्चिंतीची किंमत आहे. एकाच दिवसात निर्देशांक 33.33 टक्के पडला तर मात्र तिप्पट सुलट्याला ही पद्धतही वाचवू शकत नाही, आणि तेवढा एका दिवसात चढला तर तिप्पट उलट्याला.

आता कागदावरून बाजारात येऊ. नॅसडॅक 100 नं 2021 हे वर्ष 16,300 च्या आसपास संपवलं. 2022 मध्ये तो सुमारे 33 टक्के पडला, 2023 मध्ये 50 टक्क्यांहून जास्त चढला आणि त्या वर्षाअखेर 16,800 च्या आसपास होता, म्हणजे दोन वर्षांपूर्वीपेक्षा थोडा वरच. TQQQ 2022 मध्ये सुमारे 79 टक्के पडला, 2023 मध्ये जवळपास तिप्पट झाला. आणि तरीही दोन वर्षांच्या शेवटी तो सुरुवातीपेक्षा 40 टक्क्यांच्या आसपास खालीच होता. ही सगळी तूट झिजेच्या नावावर टाकू नका. तिप्पट माल अंगावर घ्यायचा म्हणजे तुमच्या शंभरावर दोनशेची उधारी, आणि 2023 मध्ये अमेरिकेतले व्याजदर 5 टक्क्यांच्या आसपास होते. तेव्हा शंभरामागे वर्षाला दहा रुपयांच्या आसपास व्याजातच जात होते. वर फंडाचा खर्च. पण तुटीचा मोठा भाग 2022 मधल्या हेलकाव्यांचा आहे.

तुमच्या बाबतीत किती कशात गेलं हे तुम्ही घरीच काढू शकता. एक्सेलमध्ये `B` रकान्यात `B2` पासून खाली निर्देशांकाचा रोजचा बंद भाव घाला, तुमच्या खरेदीच्या दिवसापासून. `C2` मध्ये 100 लिहा आणि `C3` मध्ये हे घालून खाली ओढा.

```
=C2*(1+3*(B3/B2-1))
```

उलट्यासाठी 3 च्या जागी -3. शेवटचा आकडा म्हणजे व्याज आणि खर्च सोडून तुमच्या ईटीएफनं कुठं असायला हवं ते. शंभरात निर्देशांकाच्या एकूण टक्के बदलाचे तिप्पट मिळवून येणारी रक्कम आणि हा आकडा यांतला फरक म्हणजे झीज, किंवा बाजार एका दिशेनं गेला असेल तर बक्षीस. हा आकडा आणि तुमची प्रत्यक्ष किंमत यांतला फरक म्हणजे बहुतांशी व्याज, खर्च आणि लाभांश. SQQQ च्या किमतीचा जुना आलेख बघून मात्र घाबरू नका. त्याची किंमत फार खाली गेली की अनेक युनिट मिळून एक केलं जातं, आणि आलेखात मागच्या किमती त्या प्रमाणात फुगवून दाखवतात. तुलना टक्क्यांतच करा.

आपल्या एनएसईवर असे पटीतले ईटीएफ मिळत नाहीत, पण निर्देशांक आहेत, आणि शिकायला ते उत्तम. niftyindices.com वर `Nifty50 PR 1x Inverse` आणि `Nifty50 PR 2x Leverage` यांचे रोजचे आकडे उतरवून घेता येतात. 2020 चं वर्ष घ्या. जानेवारीच्या मध्याला निफ्टी 12,350 च्या आसपास होता, 23 मार्चला 7,610 वर बंद झाला, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा 12,400 च्या वर. सुरुवात आणि शेवट जवळजवळ एकच. त्या दोन तारखांना हे दोन निर्देशांक कुठं होते ते शेजारी शेजारी मांडा. निफ्टी तिथंच परत आला, तरी वाटेतल्या हेलकाव्यांनी या दोघांचं काय केलं ते तुमच्या डोळ्यांसमोर येईल.

तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी माझ्याकडे आले होते. त्यांच्या मुलीनं अमेरिकेतल्या शेअरना विमा म्हणून तिप्पट उलटा ईटीएफ घेऊन वर्षभर ठेवला होता. त्यांना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. विमा म्हणून उलटा वापरायचाच असेल तर तो काही दिवसांसाठी, आणि बाजार 5-10 टक्के हलला की रक्कम हातानं जुळवून. बाजार 10 टक्के चढला तर तुमचे शेअर 110 चे झालेले असतात आणि एकपट उलट्याचं छत्र 90 चंच राहिलेलं असतं. विमा आपोआप अपुरा पडतो आणि ते सांगायला कुणी येत नाही.

तुमच्या दोन ईटीएफचा निर्णय सोपा आहे. तुम्ही दोन्ही एकाच दिवशी शंभर-शंभरचे घेतले असते तर आपल्या उदाहरणात दोन दिवसांनी 94.55 आणि 89.09, मिळून 183.64. आज बाजार चढला काय, पडला काय, या जोडीतून मिळणारं जवळजवळ काहीच नाही, कारण एकाचा माल 283.64 चा आणि दुसऱ्याचा शॉर्ट 267.27 चा. फरक सोळा रुपयांचा. दोनशे रुपये गुंतवून तुम्ही सोळा रुपयांचा निर्देशांक धरून बसला आहात आणि झीज मात्र दोन्हीकडची भरताय. आधी SQQQ विका. मग TQQQ मध्ये उरलेल्या रकमेकडे बघून ठरवा, की नॅसडॅकचा तेवढाच माल अंगावर हवा असेल तर तिप्पट रक्कम QQQ या नॅसडॅक 100 च्या साध्या, एकपट ईटीएफमध्ये घालता येते का. येत असेल तर तीच घाला. येत नसेल तर तुम्हाला पेलवेल त्यापेक्षा जास्त माल तुम्ही धरलाय, तो कमी करा.